पॉवरपॉइंटमधील जुने सादरीकरण गूगल स्लाइड्सवर नेताना अक्षरे, हालचाली आणि चित्रफिती कशा तपासाव्यात?

मृद्गंधा

नमस्कार. आमचा एक छोटा गट सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतील गावांमध्ये पाणलोट विकासाची प्रशिक्षणे घेतो. त्यासाठी वापरले जाणारे पॉवरपॉइंट सादरीकरण गेली काही वर्षे वेगवेगळ्या हातांनी वाढत गेले असून आता त्यात ५८ स्लाइड्स आहेत आणि फाइल १४० एमबीची झाली आहे. प्रत्येक प्रशिक्षकाकडे आपापली प्रत असल्यामुळे एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे सर्व गूगल स्लाइड्सवर एकाच ठिकाणी न्यावे असे ठरले आहे.

चाचणीसाठी मी पहिल्या वीस स्लाइड्सची वेगळी फाइल करून चढवून पाहिली आणि तीन गोष्टी बिनसल्या. जुन्या स्लाइड्सवरील मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत बदलला. सलग समतल चर दाखवणाऱ्या स्लाइडवर पाण्याचे थेंब उतारावरून घरंगळत येत असत, ते आता डोंगराच्या माथ्यावर एकत्र थिजून उभे राहतात. चित्रफितीच्या जागी तिचे नुसते स्थिरचित्र उरले.

प्रत्येक स्लाइड हाताने नव्याने करणे आम्हाला शक्य नाही. आधी काय तपासावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कशावर पाणी सोडावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील.

निव्वळ_वाचक

ताई, यात फार अवघड काही नाही. पॉवरपॉइंटच्या पर्यायांमध्ये फाइलसोबत फाँट अंतर्भूत करण्याची सोय आहे. ती खूण करून फाइल पुन्हा साठवा आणि मग चढवा, म्हणजे अक्षरे जशीच्या तशी दिसतील. मी आमच्या कार्यालयात नेहमी असेच करतो.

अक्षरजुळारी

निव्वळ_वाचक यांनी सांगितलेली सोय खरी आहे, परंतु ती पॉवरपॉइंटपुरती. अशी फाइल दुसऱ्या संगणकावरील पॉवरपॉइंटमध्ये उघडली तर अंतर्भूत फाँट कामी येतो. गूगल स्लाइड्स मात्र तो वापरत नाही आणि तिथे स्वतःचा फाँट चढवण्याची सोयही नाही. त्यांच्या यादीत जे फाँट आहेत तेवढ्यांतूनच निवड करावी लागते.

मृद्गंधाताई, तुमच्या फाइलमध्ये फाँटच्या दोन वेगळ्या अडचणी असाव्यात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी एक विचारतो. ती खिचडी नेमकी कशी दिसते? ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ejkBh असे काही दिसते का?

मृद्गंधा

अगदी तसेच! हे तुम्हाला न पाहता कसे कळले?

चिवडा

अक्षरजुळारी यांना पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका अजूनही ejkBh मध्येच स्वप्नात दिसतात, असे ऐकून आहे.

अक्षरजुळारी

चिवडा यांची माहिती फारशी चुकीची नाही.

ejkBh दिसते याचा अर्थ जुन्या स्लाइड्स कृतिदेवमध्ये टंकलेल्या आहेत. त्या फाइलमध्ये मुळात देवनागरी नाहीच. तिथे साठवलेली अक्षरे e, j, k, B, h हीच आहेत आणि कृतिदेव फाँट त्यांच्यावर म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी यांची चित्रे चढवतो. फाँट नाहीसा झाला की मूळ अक्षरे उघडी पडतात. त्यामुळे स्लाइड्सवर गेल्यावर फाँट बदलून काहीही साधणार नाही. मजकूरच युनिकोडमध्ये बदलावा लागेल आणि ते चढवण्यापूर्वी पॉवरपॉइंटमध्येच करावे लागेल, कारण कोणता तुकडा कृतिदेवमधला आणि कोणता खरा इंग्रजी हे तिथेच ओळखता येते.

या शेवटच्या मुद्द्यावर बहुतेकांचा घोटाळा होतो. समजा एका चौकटीत ‘चराची खोली ०.३ मी.’ असे कृतिदेवमध्ये आहे आणि त्याच ओळीत GPS हा शब्द एरिअलमध्ये आहे. पूर्ण चौकट उचलून रूपांतरकात टाकली तर GPS चेही देवनागरी कडबोळे होते. म्हणून एकेक तुकडा निवडून, वर फाँटचे नाव पाहून, फक्त कृतिदेवचा भाग बदलावा. श्री-लिपी किंवा शिवाजी या कुळातले फाँट असतील तर त्यांची कोष्टके वेगळी असतात, त्यांना कृतिदेवचा रूपांतरक चालत नाही.

रूपांतरानंतर तीन ठिकाणी नजर ठेवा: रफार, ‘ळ’ आणि ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्याला’ यांसारख्या शब्दांतील ‘ऱ्या’. मी वापरलेले रूपांतरक हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते आणि ते ‘ऱ्या’चा हमखास ‘र्या’ करत. तुमच्या सादरीकरणात शेतकरी पदोपदी येणार, त्यामुळे ‘र्या’ शोधून ते सगळे शब्द एका बैठकीत दुरुस्त करणे सोपे पडेल. मात्र ‘सूर्या’सारखे शब्द मुळातच बरोबर असतात, म्हणून डोळे मिटून सगळे एकदम बदलू नका.

सुनंदा_मावशी

हे वाचून धीर आला. माझ्याकडे महिला मंडळाच्या पाककृतींचे एक सादरीकरण आहे, ते मला गूगल स्लाइड्सवरून पॉवरपॉइंटमध्ये आणायचे आहे. त्यालाही हेच लागू होईल का?

अक्षरजुळारी

मावशी, आपली वाट उलट दिशेची आहे आणि बरीच सोपी आहे. फाइल मेनूतील डाउनलोडखाली पॉवरपॉइंटचा पर्याय मिळेल. फक्त स्लाइड्समध्ये जो मराठी फाँट वापरला असेल तो आपल्या संगणकावरही बसवून घ्या, म्हणजे ओळी हलणार नाहीत. बाकीचे वेगळ्या धाग्यावर बोलू.

आता ताईंच्या दुसऱ्या अडचणीकडे वळतो, कारण ती लगेच दिसत नाही. नव्या स्लाइड्स युनिकोडमध्ये असणार, म्हणून त्या वाचता येत असतील. परंतु पॉवरपॉइंटमध्ये त्या मजकुरावर टिचकी मारून वरच्या पेटीतील फाँटचे नाव पाहा. बऱ्याचदा तिथे कॅलिब्री लिहिलेले असते आणि अक्षरे मात्र मंगलची दिसतात. पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये लॅटिन लिपीसाठी एक आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा असे फाँट वेगवेगळे नोंदवलेले असतात. स्लाइड्समध्ये तुकड्याला एकच नाव मिळते. ते नाव देवनागरी नसलेल्या फाँटचे असेल, तर मराठी अक्षरे कुठल्यातरी पर्यायी फाँटातून उसनी घेतली जातात आणि तुमच्या लॅपटॉपवर नीट बसलेली ओळ प्रशिक्षकाच्या संगणकावर चौकटीबाहेर जाऊ शकते.

यावर माझा उपाय असा की गूगलच्या यादीत असलेला एखादा देवनागरी फाँट आधीच ठरवावा. मुक्त, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे सगळे तिथे आहेत आणि विनामूल्य उतरवून आपल्या संगणकावरही बसवता येतात. तुमच्या कामासाठी मी मुक्त घेईन, कारण त्यात सात वजने आहेत आणि लांबून वाचायला तो स्वच्छ आहे. तो बसवल्यावर पॉवरपॉइंटमध्येच आधी मास्टर स्लाइडवर आणि मग Replace Fonts वापरून उरलेल्या ठिकाणी लावा. स्लाइड्समध्ये सर्व स्लाइड्सवरचा एक फाँट काढून दुसरा घालण्याची अशी थेट सोय नाही, त्यामुळे हे काम तिकडे गेल्यावर करायचे ठरवले तर ५८ स्लाइड्स एकेक करून पाहाव्या लागतील.

फाइलमध्ये नेमके कोणते फाँट दडले आहेत हे पाहण्यासाठी लिनक्स किंवा मॅकवर एक आज्ञा पुरते:

```
unzip -p deck.pptx 'ppt/slides/slide*.xml' | grep -o 'typeface="[^"]*"' | sort | uniq -c
```

यात `+mn-lt` किंवा `+mj-lt` अशी नावे आली तर दचकू नका. ‘थीममध्ये जो फाँट असेल तो’ एवढाच त्यांचा अर्थ आहे.

मृद्गंधा

आमच्याकडे विंडोज आहे, पण गटातील एका मुलाकडे मॅक होता, त्याने ही आज्ञा चालवली. यादीत कृतिदेव, मंगल, कॅलिब्री, एरिअल युनिकोड आणि चक्क कॉमिक सॅन्स निघाला. कॉमिक सॅन्स कोणी घातला याचा शोध सुरू आहे.

चिवडा

गुन्हेगार सापडल्यास त्याला चर खणायला पाठवावे, समतल आणि सलग.

पडघम

हालचालींबद्दल मी लिहितो. महाविद्यालयात भूगोल शिकवताना मला असेच एक सादरीकरण हलवावे लागले होते.

गूगल स्लाइड्समध्ये वस्तूंसाठी मोजक्याच हालचाली आहेत. वस्तू प्रकट होणे किंवा नाहीशी होणे, हळूहळू उमटणे किंवा विरणे, चारपैकी एका कडेने आत येणे किंवा बाहेर जाणे, लहान-मोठी होत येणे-जाणे आणि स्वतःभोवती फिरणे. एवढ्यावर यादी संपते. पॉवरपॉइंटमध्ये आपण हाताने आखलेल्या मार्गावरून वस्तू चालवतो, तो प्रकारच तिथे नाही. मॉर्फ हे संक्रमणही तिथे नाही, आणि एखाद्या विशिष्ट चित्रावर टिचकी मारली तरच दुसरे काही घडावे अशी जोडणीही नाही. तुमचे थेंब माथ्यावर थिजले ते याचमुळे. मार्ग गळून पडला आणि थेंब त्याच्या आरंभबिंदूवर राहिले.

बिघाड नेहमी इतका ढळढळीत नसतो, म्हणून मी टिचक्या मोजण्याची पद्धत वापरतो. मूळ फाइल पॉवरपॉइंटमध्ये सादर करत प्रत्येक स्लाइड पूर्ण होईपर्यंत किती टिचक्या लागल्या ते एका तक्त्यात लिहून ठेवायचे. नंतर स्लाइड्समधील प्रत तशीच सादर करून शेजारच्या रकान्यात आकडा लिहायचा. जिथे आकडे जुळत नाहीत तेवढ्याच स्लाइड्स उघडून पाहायच्या. आकडा जुळला तरी एक गोष्ट तपासावी लागते: मजकुराचे मुद्दे एकेक करून येत होते ते अजूनही तसेच येतात, की पूर्ण चौकट एकदम येते. स्लाइड्समध्ये Motion या पट्टीत परिच्छेदानुसार आणण्याची खूण असते, ती नसेल तर करून घ्यायची.

तुमच्या थेंबांच्या स्लाइडवर मूळ क्रम काय आहे ते लिहाल का? मग नेमके सांगता येईल.

मृद्गंधा

क्रम असा आहे. पहिल्या टिचकीला तीन थेंब उतारावरून खाली येतात आणि वाटेत काही नसल्यामुळे थेट ओढ्यात जातात. दुसऱ्या टिचकीला उतारावर आडवे चर दिसतात. तिसऱ्या टिचकीला थेंब पुन्हा सुटतात आणि चरापाशी थांबतात. चौथ्या टिचकीला चराखालची निळी छटा मोठी होत जाते, म्हणजे पाणी मुरले. पाचव्या टिचकीला एक प्रश्न येतो. चाचणीच्या प्रतीत दोनच टिचक्या उरल्या आहेत, चर दिसण्याची आणि प्रश्नाची.

पडघम

म्हणजे प्रकट होणाऱ्या दोन गोष्टी वाचल्या, मार्गावरच्या दोन आणि छटा मोठी होण्याची एक गेली. हिशेब चोख जुळतो.

इथे ‘वरून आत येणे’ ही हालचाल लावून भागवण्याचा मोह होईल, परंतु ती करू नका. त्या हालचालीत वस्तू स्लाइडच्या वरच्या कडेपासून सरळ खाली येते, डोंगराच्या माथ्यापासून उतारावरून नाही. पाणी आकाशातून थेट चरात पडल्यासारखे दिसेल आणि जे शिकवायचे आहे, म्हणजे अपधाव अडवणे, तेच हरवेल.

मला सुचणारा मार्ग असा की तेवढी एकच स्लाइड वेगळ्या फाइलमध्ये काढावी आणि पॉवरपॉइंटच्या निर्यात पर्यायातून तिची एमपी४ चित्रफीत तयार करावी. ती ड्राइव्हवर ठेवून स्लाइड्समध्ये घातली की मूळ हालचाल तंतोतंत मिळते. नव्या पॉवरपॉइंटमध्ये हलते जीआयएफ करण्याचाही पर्याय आहे. जीआयएफ हे चित्र म्हणून बसते, त्यामुळे परवानग्यांची भानगड नाही. त्याची फाइल ५० एमबीच्या आत हवी, ती मर्यादा एका स्लाइडला क्वचितच आडवी येते.

नेत्रा_प

पडघम सर, थोडा मतभेद नोंदवते. चित्रफीत किंवा जीआयएफ केले की टिचक्या गेल्या. ताईंच्या स्लाइडचा जीव त्या थांब्यांमध्ये आहे. प्रशिक्षक दुसऱ्या टिचकीनंतर थांबून ‘आता पाण्याचे काय होईल?’ असे विचारत असणार. जीआयएफ तर कोणाचे ऐकत नाही, प्रशिक्षक बोलत असताना त्याच्या मागे थेंब पुन्हा पुन्हा घरंगळत राहतील.

त्याऐवजी त्या एका स्लाइडच्या सहा-सात स्थिर प्रती कराव्यात. पहिलीत थेंब माथ्यावर, दुसरीत मध्यावर, तिसरीत ओढ्यात, चौथीत चर आलेले, असे करत पुढे जायचे. स्लाइड्समध्ये एक स्लाइड तयार झाली की तिची प्रत करून थेंब हाताने सरकवणे एवढेच काम उरते. मधे कोणतेही संक्रमण ठेवायचे नाही, म्हणजे बदल तेवढा थेंबांचाच दिसतो. याचा आणखी एक लाभ म्हणजे पीडीएफ केली तरी सगळे टप्पे कागदावर येतात.

पडघम

थांब्यांचा मुद्दा मान्य आहे. तरीही ज्या स्लाइडवर एकसंध गती हीच शिकवण्याची गोष्ट आहे, उदाहरणार्थ माझ्याकडे नदीच्या वळणाची जागा हळूहळू सरकताना दाखवली होती, तिथे तुटक प्रतींनी तो भाव येत नाही. ताईंनी स्लाइड पाहून ठरवावे.

शशांक_परदेशी

मी येथे थोडा खोडा घालतो. मुळात गूगल स्लाइड्सवरच का जायचे? पॉवरपॉइंटचीही ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे. फाइल वनड्राइव्हवर ठेवली की सर्वांना एकच प्रत मिळते, मॉर्फ चालते, अंतर्भूत चित्रफीत चालते, आणि वर चर्चिलेले निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. आमच्याकडे आयर्लंडमधील मराठी शाळेचे धडे आम्ही असेच ठेवले आहेत. कृतिदेवचा प्रश्न मात्र तिथेही सुटत नाही, तो अक्षरजुळारी म्हणतात तसाच सोडवावा लागेल.

मृद्गंधा

शशांकदादा, सूचना रास्त आहे आणि गटात त्यावर बोलणे झाले होते. परंतु आमचे बहुतेक प्रशिक्षक आधीपासूनच जीमेल आणि ड्राइव्ह वापरतात, उपस्थितीचे तक्तेही तिथेच आहेत, आणि दोन ठिकाणी खाती सांभाळायला कोणी तयार नाही. त्यामुळे जे गमवावे लागेल ते गमावून इकडेच यायचे आहे.

नेत्रा_प

आता चित्रफितींबद्दल लिहिते, कारण ताईंची फाइल १४० एमबीची आहे आणि रूपांतरासाठी सादरीकरणाची मर्यादा १०० एमबीची आहे. म्हणजे पूर्ण फाइल आहे तशी बदलून मिळणारच नाही. वजन बहुधा चित्रफितींचे असणार, आणि त्या तिकडे अंतर्भूत स्वरूपात चालणार नसतील तर त्यांचे ओझे फाइलसोबत वाहून नेण्यात अर्थ नाही. त्या आधीच बाहेर काढायच्या.

बाहेर काढणे सोपे आहे. फाइलची प्रत करून तिच्या नावातील शेवटचे .pptx काढून .zip करा आणि उघडा. आत ppt/media या फोल्डरमध्ये सर्व चित्रे, चित्रफिती आणि ध्वनी मिळतात. त्यांची नावे media1.mp4 अशी असतात, त्यावरून कोणती कुठली ते कळत नाही, म्हणून बाहेर काढल्याबरोबर पाहून नीट नावे द्या.

यात एक खाच आहे आणि ती कृपया गांभीर्याने घ्या. पॉवरपॉइंटमध्ये चित्रफीत कापली, म्हणजे सहा मिनिटांतील चाळीस सेकंदच दाखवायची असे ठरवले, तरी फाइलमध्ये संपूर्ण सहा मिनिटे तशीच पडून असतात. फक्त कुठून कुठपर्यंत वाजवायचे याची नोंद होते. झिपमधून काढलेली चित्रफीत त्यामुळे पूर्ण असते. तुमच्या मुलाखतींमध्ये शेतकऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर नंतर काही खासगी बोलले असेल आणि ते कापले असेल, तर ते ड्राइव्हवर पुन्हा अवतरेल. स्लाइड्समध्ये सुरुवात आणि शेवट यांची वेळ घालता येते, पण मूळ फाइल पाहण्याची परवानगी असलेला माणूस ती ड्राइव्हवरून पूर्ण पाहू शकतो.

म्हणून झिप करण्यापूर्वी पॉवरपॉइंटमध्ये File, Info येथून Compress Media चालवा. त्याने कापलेला भाग खरोखर निघून जातो आणि आकारही उतरतो. गावातील प्रोजेक्टरसाठी ७२० पी पुरेसे आहे. हे सर्व प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका.

गावाकडचा_मास्तर

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक साधा प्रश्न विचारतो. आमच्या शाळेत नेट कधी असते, कधी नसते. ऑनलाइन नेलेले हे सादरीकरण त्या दिवशी चालणार आहे का? की प्रशिक्षक ताईंना फळ्यावर चर काढावे लागतील?

नेत्रा_प

मास्तर, प्रश्न साधा असला तरी तोच कळीचा आहे. क्रोममध्ये आधी ऑफलाइनची सोय चालू करून ती फाइल उपलब्ध करून ठेवली असेल तर स्लाइड्स उघडतात आणि हालचालीही चालतात. ड्राइव्हवरची किंवा यूट्यूबवरची चित्रफीत मात्र नेटशिवाय चालत नाही. म्हणून गावात जाणाऱ्या प्रशिक्षकाने चित्रफितींची फाइल लॅपटॉपवर वेगळी ठेवावी आणि ती स्लाइड आल्यावर तिथून लावावी. थोडे ओबडधोबड आहे, पण फळ्यापेक्षा बरे.

गावाकडचा_मास्तर

फळा वाईट नसतो हो. पण मुद्दा समजला.

निव्वळ_वाचक

एक शंका. मी माझी फाइल ड्राइव्हवर चढवली आणि ती ब्राउझरमध्ये थेट उघडली, मला रूपांतर वगैरे काही करावे लागले नाही. मग तुम्ही रूपांतर कशाला म्हणता?

पडघम

शंका योग्य आहे. फाइलच्या नावाशेजारी .PPTX अशी छोटी पट्टी दिसत असेल, तर आपण मूळ पॉवरपॉइंट फाइलच ब्राउझरमध्ये उघडून पाहत आहात. ती गूगल स्लाइड्सची झालेली नाही. File मध्ये Save as Google Slides निवडले की दुसरी, स्वतंत्र फाइल तयार होते आणि पहिली तशीच राहते. आता ड्राइव्हवर एकाच नावाच्या दोन फाइल्स होतात. ताईंनी हे सर्व ज्यासाठी मांडले आहे, म्हणजे एकच प्रत असावी, त्यालाच इथे सुरुंग लागतो. रूपांतर झाले की पॉवरपॉइंटची फाइल लगेच ‘मूळ_जपून’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये हलवावी आणि तिची परवानगी फक्त एका व्यक्तीकडे ठेवावी.

पॉवरपॉइंट स्वरूपातच ब्राउझरमध्ये संपादन करत राहिल्यास, तिथे न चालणाऱ्या हालचाली फाइलमध्ये टिकतात की पुसल्या जातात, याबाबत मला आलेले अनुभव परस्परविरोधी आहेत. कोणी पद्धतशीर पडताळले असल्यास लिहावे.

शशांक_परदेशी

माझ्याकडे एका फाइलमध्ये टिकल्या होत्या, पण त्यात मॉर्फ नव्हते. त्यावरून काही ठाम सांगता येणार नाही.

मृद्गंधा

सर्वांचे मनापासून आभार. आतापर्यंत झालेले काम सांगते आणि दोन गोष्टी विचारते.

कृतिदेवमधील स्लाइड्स दोघींनी वाटून घेऊन तुकड्या-तुकड्याने युनिकोडमध्ये बदलल्या. ‘शेतकर्यांना’ हे रूप खरोखरच जागोजागी निघाले आणि शोधून दुरुस्त केले. मुक्त फाँट मास्टरवर लावल्यावर मजकुराची उंची बदलली. मंगलमध्ये ओळींमधील अंतर जास्त होते, त्यामुळे आता काही चौकटींत खाली बरीच रिकामी जागा दिसते, तर चुन्याच्या फक्कीने समपातळी रेषा आखण्याच्या स्लाइडवर शेवटची ओळ मात्र दुसऱ्या रेषेवर मोडते. हे पॉवरपॉइंटमध्येच दिसल्यामुळे तिथेच ठीक करता आले.

चित्रफिती दाबून, बाहेर काढून, नावे देऊन ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवल्या. त्या काढल्यावर फाइल ३० एमबीच्या आत आली आणि रूपांतर विनातक्रार झाले. थेंबांच्या स्लाइडसाठी नेत्राताईंचा मार्ग घेतला, कारण प्रशिक्षक खरोखरच तिथे थांबून प्रश्न विचारतात.

आता प्रश्न. पहिला असा की माझ्या संगणकावर सर्व चित्रफिती चालतात, पण दोन प्रशिक्षकांना तिथे परवानगी नसल्याचा संदेश दिसतो, जरी सादरीकरण त्यांच्याशी वाटलेले आहे. दुसरा असा की एका स्लाइडवर जुन्या काळी ध्वनिमुद्रित केलेले निवेदन होते, स्लाइड आली की आपोआप सुरू होणारे. ते गेले आहे. ते परत आणता येईल का?

नेत्रा_प

पहिल्याचे कारण असे की सादरीकरणाची परवानगी आणि त्यात घातलेल्या ड्राइव्हवरील चित्रफितीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक म्हणून तुम्हाला दोन्ही उघड्या, त्यांना एकच. चित्रफितींचा पूर्ण फोल्डर त्या प्रशिक्षकांशी केवळ पाहण्यासाठी वाटा. तपासणीसाठी स्वतःच्या खात्यावर विसंबू नका, ज्याच्याकडे कोणताही विशेष हक्क नाही अशा एका प्रशिक्षकाच्या खात्यातून सर्व स्लाइड्स एकदा चालवून पाहा. नुकतीच चढवलेली चित्रफीत काही वेळ प्रक्रियेत असते, तेव्हाही ती चालत नाही, परंतु तेव्हा येणारा संदेश वेगळा असतो.

निवेदनासाठी ppt/media मध्ये .m4a किंवा .wav अशी फाइल सापडेल. स्लाइड्समध्ये ड्राइव्हवरून एमपी३ आणि डब्ल्यूएव्ही ध्वनी घालता येतो, म्हणून .m4a असेल तर आधी एमपी३ करून घ्यावा. घातल्यानंतर उजवीकडच्या पट्टीत तो आपोआप सुरू व्हावा अशी निवड करता येते. त्या ध्वनीच्या फाइलचीही परवानगी वाटायला विसरू नका.

अक्षरजुळारी

आणि ताई, रूपांतरित फाइलमध्ये चार-पाच स्लाइड्सवर मराठी शब्दावर टिचकी मारून फाँटच्या पेटीत खरोखर मुक्तच लिहिले आहे का, हे एकदा पाहा. डोळ्यांना मुक्तसारखे वाटले तरी नाव वेगळे असू शकते. विशेषतः तक्त्यांच्या आणि आलेखांच्या आतील मजकूर मास्टरचे ऐकत नाही.

मृद्गंधा

पाहिले. स्लाइड्सवरचा मजकूर सगळा मुक्तमध्ये आहे. पर्जन्यमानाच्या तक्त्यात मात्र महिन्यांची नावे अजूनही कॅलिब्री दाखवत आहेत, ती आज बदलते. निवेदनाची फाइल .m4a निघाली, एमपी३ करून घातली आणि ती लॅपटॉपवर सुरू होते. एका प्रशिक्षकाच्या टॅबलेटवर मात्र परवानगी दिल्यानंतरही ती आपोआप सुरू होत नाही, बोटाने दाबावी लागते. हे टॅबलेटवरील ॲपमुळे होते की आमचेच काही राहिले आहे, ते कोणाला ठाऊक असल्यास कृपया लिहावे. तोपर्यंत त्या स्लाइडच्या टिपणीत ‘ध्वनीचे चिन्ह दाबा’ असे लिहून ठेवले आहे.

चिवडा

आणि कॉमिक सॅन्सचे काय झाले?

मृद्गंधा

तो आमच्या अध्यक्षांच्या स्वागतपर स्लाइडवर निघाला. शोध थांबवण्यात आला आहे.